पगार चुकला आणि नूतनीकरण तोंडावर

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये आता एक नोकरी अशी आहे, जिचं नाव ऐकून घरच्यांना काही उलगडा होत नाही. कुठे तिला कस्टमर सक्सेस मॅनेजर म्हणतात, कुठे अकाउंट मॅनेजर. काम मात्र सांगता येण्यासारखं आहे. विक्री करणाऱ्यानं ग्राहक आणला, पुढे तो वर्षानुवर्षं टिकेल हे बघणारा माणूस तो हा. या पदासाठी मी मुलाखती घेते. उमेदवारांना मी पाच-पंचवीस प्रश्न विचारत नाही. एकच प्रसंग समोर ठेवते आणि तासभर त्याच्याभोवती बोलते. तो प्रसंग इथे पूर्ण मांडते, कारण चिडलेला ग्राहक कसा सांभाळतात हे त्यातून जेवढं कळतं, तेवढं व्याख्यांतून कळत नाही. यातली कंपनी रचलेली आहे, तिच्या अडचणी मात्र या धंद्यात रोजच्या आहेत.

आधी पैशाचं गणित थोडक्यात. पूर्वी कंपन्या सॉफ्टवेअर एकरकमी विकत घेत आणि दरसालच्या देखभालीचं वेगळं कंत्राट करत. विकणाऱ्याचे बरेचसे पैसे पहिल्याच दिवशी हातात येत. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्ससारख्या कंपन्यांनी इंटरनेटवरून वर्गणी घेऊन सॉफ्टवेअर द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू बहुतेक धंदा त्याच वाटेनं गेला. वर्गणीत ग्राहक दरवर्षी नव्यानं ठरवतो, राहायचं की जायचं. शंभर ग्राहकांपैकी दरवर्षी पंधरा टक्के गेले, तर पाच वर्षांनी चव्वेचाळीस उरतात. पाच टक्केच गेले, तर सत्त्याहत्तर उरतात. नवे ग्राहक आणण्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच, पण पहिली कंपनी भोक पडलेल्या घागरीत पाणी भरत बसते. म्हणून ही नोकरी.

आता प्रसंग. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. सहाशे कामगार, तीन पाळ्या. हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर तुमच्या कंपनीचं. दर कामगारामागे महिन्याला १२५ रुपये, म्हणजे महिन्याचे ७५ हजार आणि वर्षाचे नऊ लाख. करार ३१ मार्चला संपतो. पुढे चालू ठेवायचा नसेल तर साठ दिवस आधी, म्हणजे ३० जानेवारीपर्यंत तसं लेखी कळवायचं, अशी करारात अट आहे. डिसेंबरचा पगार ७ जानेवारीला झाला. ८ तारखेला सकाळी कारखान्याच्या एचआर प्रमुखांचा मेल थेट तुमच्या कंपनीच्या संस्थापकांना आला. रात्रपाळीच्या ३८ कामगारांचा ओव्हरटाइम पगारात आलेलाच नाही, माणसं टाइम ऑफिससमोर जमली आहेत, आणि असं असेल तर पुढच्या वर्षाचा विचार करावा लागेल. संस्थापकांनी मेल तुमच्याकडे ढकलला आणि वर एवढंच लिहिलं, ‘बघा जरा.’ आता काय कराल?

वरच्या माणसाकडे थेट गेलेल्या अशा तक्रारीला एस्केलेशन म्हणतात. बहुतेक उमेदवार पहिल्याच वाक्यात माफी मागतात, दुसऱ्यात सवलत देतात आणि तिसऱ्यात सांगतात की मी हा विषय तांत्रिक टीमकडे पाठवीन. माफी मागण्यात गैर काही नाही. पण तिन्ही वाक्यांत ग्राहकाची अडचण काय आहे, हे विचारायला कुणी थांबत नाही. ज्यांना मी पुढच्या फेरीला बोलावते, ते उलट मलाच प्रश्न विचारू लागतात. ओव्हरटाइम फक्त रात्रपाळीचाच का गेला? सगळ्या रात्रपाळीचा का नाही, या ३८ जणांचाच का? आधीच्या महिन्यांत बरोबर येत होता का? यापूर्वी तक्रार आली होती का, आणि तिचं काय झालं?

या प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ तयार असतात. विचारली की देते.

रात्रपाळीच्या हजेरीत एक जुनी मेख आहे. कामगार ११ तारखेला रात्री १० वाजून ५२ मिनिटांनी आत येतो आणि १२ तारखेला सकाळी बाहेर पडतो. हजेरी मात्र ११ तारखेची धरायची असते. त्यासाठी सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की हजेरीचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी अमुक वाजता बदलतो. या कारखान्यात ती वेळ सकाळी आठची ठेवलेली होती. तेव्हा रात्रपाळी साडेदहा ते साडेसहा होती, त्यामुळे तास-दीड तास जादा थांबलेला माणूसही आठच्या आत बाहेर पडायचा आणि हिशेब जुळायचा. ऑक्टोबरमध्ये कारखान्यानं पाळी बदलून रात्री अकरा ते सकाळी सात केली. आठची वेळ कुणी बदलली नाही. आता दोन तास जादा काम करून माणूस नऊ वाजून पाच मिनिटांनी बाहेर पडतो आणि त्याचा बाहेर जाण्याचा पंच पुढच्या दिवसाच्या खात्यात जाऊन पडतो. आदल्या दिवसाला एकच पंच उरतो. सॉफ्टवेअर त्याला ‘मिस पंच’ समजतं, पूर्ण पाळीची हजेरी देतं आणि जादा तास सोडून देतं. आठच्या आत बाहेर पडलेल्यांचा ओव्हरटाइम बरोबर आला, नंतर बाहेर पडलेल्यांचा गेला. ३८ जण ते हेच.

एका कामगारापुरतं बघू. महिन्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,७२० रुपये. २६ दिवसांनी भागले तर दिवसाचे ७२०, तासाचे ९०. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असतो, म्हणजे तासाला १८०. महिन्यात बारा तास जादा काम केलेल्या माणसाचे २,१६० रुपये त्या पगारात आले नाहीत. सात तारखेला त्याच्या घरी हप्ता जायचा असतो, मुलांची फी भरायची असते. ही रक्कम डोळ्यांसमोर न आणता ज्यांना एचआर प्रमुखांच्या मेलची भाषा जहाल वाटते, त्यांना या कामात पाठवायला माझं मन धजत नाही.

पण खरी गोष्ट याच्या खाली दडलेली आहे. पाळी ऑक्टोबरात बदलली, मग ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पगार बरोबर कसा झाला? तर टाइम ऑफिसमधल्या हेडक्लार्कनं तो हातानं बरोबर केला. दर महिनाअखेर तो हजेरीची पूर्ण यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्यायचा, गेटवरच्या रजिस्टरशी ताडून बघायचा, गेलेले तास भरायचा आणि मग पगार पुढे पाठवायचा. दोन दिवस जायचे. ऑक्टोबरमध्ये त्यानं तुमच्या सपोर्टकडे तक्रार नोंदवलीही होती. उत्तर आलं, ‘मिस पंच दुरुस्तीचा पर्याय वापरावा’, आणि तिकीट ‘निकाली’ म्हणून बंद झालं. डिसेंबरअखेर तो मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेला. त्याच्या जागी बसलेल्या पोरानं सॉफ्टवेअरनं दिलेला हिशेब जसाच्या तसा पुढे पाठवला.

म्हणजे डिसेंबरचा बिघाड हा बिघाड नव्हताच, तो फक्त पहिल्यांदा उघड्यावर आला. ग्राहक तीन महिन्यांपूर्वीच हातचा जायला लागला होता. नऊ लाख मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या शेजारी एका माणसानं आपली दुसरी वही उघडली होती. माझा अनुभव असा आहे, की नूतनीकरणाचा निकाल त्या वहीत लागतो. बैठकीत फक्त तो जाहीर होतो.

ही वही तुमच्या कंपनीला दिसत का नाही, हेही समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक कंपन्या ग्राहकाची तब्येत एका पडद्यावर लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात बघतात. रोज किती जणांनी लॉगिन केलं, किती तिकिटं उघडी आहेत, समाधानाच्या पाहणीत किती गुण मिळाले. चाकणचा ग्राहक तिथे हिरवाच होता. हेडक्लार्क रोज लॉगिन करत होता, आधीपेक्षा जास्त वेळ बसत होता. त्याचं तिकीट बंद झालेलं होतं. फ्रेड राइशेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेली शून्य ते दहा गुणांची पाहणी आता सगळीकडे चालते, ‘आमचं नाव तुम्ही दुसऱ्याला सुचवाल का’ असं विचारणारी. ती एचआर प्रमुखांना गेली होती आणि त्यांनी आठ दिले होते. हेडक्लार्कला कुणी विचारलंच नाही. लॉगिनचा आकडा तेवढा बघणाऱ्याला हे कळणार नाही. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत एक्सेलमध्ये किती वेळा माहिती उतरवली गेली, हे बघणाऱ्याला कळेल. सप्टेंबरपर्यंत एकदा-दोनदा उतरवणारा माणूस ऑक्टोबरपासून वीसदा उतरवतो आहे, तर तो बाहेर काहीतरी बांधतो आहे. हातानं केलेल्या दुरुस्त्यांची संख्याही तेच सांगते. आणि ज्या तिकिटावर शेवटचं उत्तर आपल्या माणसाचं आहे, ग्राहकाचा ‘ठीक आहे’ नाही, ते बंद झालेलं तिकीट मी उघडंच धरते.

आता ८ जानेवारीची सकाळ. पहिल्या तासात मेलला मेलनं उत्तर द्यायचं नाही, फोन करायचा. फोनवर तीन गोष्टी सांगायच्या. आम्हाला आत्ता काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि मी पुन्हा किती वाजता फोन करणार आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बारा वाजता म्हटलं असेल तर बाराला फोन झाला पाहिजे, हातात नवं काही नसलं तरी. फोन ठेवल्यावर तेच चार ओळींत लिहून पाठवायचं, म्हणजे एचआर प्रमुखांना आपल्या प्लांट हेडसमोर दाखवायला कागद मिळतो. तेही कुणालातरी उत्तर देत उभे असतात, हे विसरून चालत नाही.

पहिल्या तासात एक गोष्ट मात्र कटाक्षानं टाळायची. सॉफ्टवेअर कधी दुरुस्त होईल याची तारीख इंजिनिअरला न विचारता द्यायची नाही. समोरचा ओरडत असतो, आपल्याला त्याला शांत करायचं असतं, तोंडून ‘उद्यापर्यंत’ निघून जातं. उद्या ते झालं नाही की पहिल्या चुकीची जागा ही दुसरी चूक घेते, आणि तिचं स्पष्टीकरण फार अवघड असतं.

त्यानंतर कामाचे दोन भाग पाडावे लागतात. कामगारांचे पैसे हा एक, सॉफ्टवेअरमधलं कारण हा दुसरा. दुसऱ्यासाठी पहिला थांबवायचा नाही. ३८ नावं, प्रत्येकाचे जादा तास आणि रक्कम अशी यादी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या हातात पडली पाहिजे. ती बनवायला आपल्या टीममधले दोघं गेटचं रजिस्टर आणि पंचांची नोंद घेऊन हातानं बसले तरी चालेल. त्या यादीवरून कारखाना पुरवणी पगार काढू शकतो. कायद्यानं महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो, त्यामुळे इथे प्रत्येक दिवस कारखान्याच्या अंगावर चढत जातो. भविष्यनिर्वाह निधीचा भरणा १५ तारखेपर्यंत असतो. ओव्हरटाइमवर निधीची कपात साधारणपणे होत नाही, पण पुरवणी पगारामुळे त्या महिन्याच्या आकड्यांत काही हलत नाही ना, हे कारखान्याच्या अकाउंट्सशी बोलून आधीच मोकळं करून ठेवलेलं बरं.

दुसऱ्या भागात अकाउंट मॅनेजरची कसोटी आपल्याच कंपनीत लागते. इंजिनिअरकडे आधीच वीस कामं असतात. त्याला ‘क्लायंट फार चिडलाय, अर्जंट आहे’ असं लिहिलं तर त्याच्या दृष्टीनं ते एकविसावं काम. त्याऐवजी असं लिहावं: एका कामगाराचा आत येण्याचा पंच ११ डिसेंबर रात्री १०.५२, बाहेर जाण्याचा १२ डिसेंबर सकाळी ९.०५. ओव्हरटाइम दोन तास यायला हवा, शून्य आला. दुसरा कामगार सकाळी ७.५५ ला बाहेर पडला, त्याचा बरोबर आला. दिवस बदलण्याची वेळ आठ आहे. एवढं वाचल्यावर चांगला इंजिनिअर चहा संपायच्या आत कारणावर बोट ठेवतो. मुलाखतीत मी उमेदवाराच्या हातात कागद देते आणि हा मेल लिहायला सांगते. भाषा साधी असली तरी चालते. दोन पंचांच्या वेळा त्यात आल्या पाहिजेत.

इथे दिवस बदलण्याची वेळ आठऐवजी अकरा केली की रात्रपाळीचं भागतं, पण दिवसपाळीला सकाळी आठनंतर आत येणारा माणूस आदल्या दिवशी जाऊन पडतो. म्हणून ही वेळ सगळ्या कारखान्याला एकच ठेवता येत नाही, पाळीनुसार वेगळी ठेवावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. नसेल तर काही आठवड्यांचं, आणि तोपर्यंतची हातानं करायची व्यवस्था आपल्या माणसानं करायची, हेडक्लार्कवर ढकलायची नाही. हे एक वाक्य उमेदवाराच्या तोंडून आपणहून आलं तर मी वहीत खूण करते.

पुढची पायरी म्हणजे चाकणला जाणं. एचआरच्या केबिनमध्ये बसून परत यायचं नाही, टाइम ऑफिसमध्ये खुर्ची ओढून बसायचं. ‘काका, मागच्या महिन्याचं एक्सेल दाखवता का?’ असं विचारलं की ते आधी जरा अवघडतात, मग दाखवतात. त्या एक्सेलमध्ये तुमच्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या उणिवा रकान्यांच्या रूपात मांडलेल्या असतात. एक रकाना रात्रपाळीच्या जादा तासांचा. दुसरा कदाचित व्यवसाय कराचा, कारण महाराष्ट्रात तो महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापायचा असतो, आणि मागच्या फेब्रुवारीत तो सरसकट २०० च कापला गेला होता. तिसरा कंत्राटी कामगारांचा. ग्राहकानं कधी न नोंदवलेल्या तक्रारी तिथे एका कागदावर मिळतात. प्रत्येक रकान्यासमोर लिहायचं: हे आम्ही अमुक तारखेपर्यंत करू, हे पुढच्या सहामाहीत, हे आमच्याकडे होणार नाही. तिसऱ्या प्रकारातलं स्पष्ट सांगायला लोक बिचकतात. पण हेडक्लार्कला ‘होणार नाही’ हे कळलं की तो त्याची सोय लावतो. ‘बघतो’ या शब्दावर त्याला काहीच लावता येत नाही.

लेखी खुलासाही द्यावा लागतो. काय झालं, कुणाला झळ पोचली, कारण काय, काय बदललं आणि पुन्हा झालं तर ते आम्हाला कसं कळेल, एवढं एका पानात. पाळी बदलल्याचं कारखान्यानं कळवलं नव्हतं हे खरं आहे, आणि ते खुलाशात एकदाच, साध्या वाक्यात यावं. लपवलं तर कारण अर्धवट राहतं. दोनदा लिहिलं तर तो आरोप होतो. आणि ऑक्टोबरचं तिकीट आपण चुकीचं बंद केलं, हेही त्याच पानावर तितक्याच साधेपणानं आलं पाहिजे.

आता नूतनीकरणाचा पेच. दुरुस्ती झाली याचा खरा पुरावा जानेवारीचा पगार, आणि तो होणार ७ फेब्रुवारीला. करार थांबवण्याची मुदत संपते ३० जानेवारीला. म्हणजे ग्राहकाला पुरावा बघण्याआधी निर्णय घ्यावा लागतो. सावध एचआर प्रमुख अशा वेळी काय करतील? नुसती खबरदारी म्हणून ३० तारखेच्या आत थांबवण्याची नोटीस पाठवून ठेवतील, आणि नोटीस एकदा गेली की दुसऱ्या कंपन्यांना बोलावणं सुरू होतं. इथे काही उमेदवार गप्प राहून तारीख उलटून जाऊ देतात, कारण करार आपोआप पुढे चालू होतो. मी त्यांना घेत नाही. असा अडकवलेला ग्राहक वर्षभर बिल अडवतो, प्रत्येक तिकीट संस्थापकांना पाठवतो आणि पुढच्या वर्षी मुदतीच्या पहिल्या दिवशी नोटीस देतो.

चांगली वाट अशी. आपणच लिहून द्यायचं की नोटिशीची मुदत या वर्षापुरती १५ फेब्रुवारीपर्यंत वाढवली आहे. शिवाय मध्ये एक चाचणी ठेवायची. १ ते १५ जानेवारीच्या हजेरीचा हिशेब १६ तारखेला सॉफ्टवेअरमधून काढायचा, हेडक्लार्कनं आपल्या वहीतून काढायचा, आणि दोघांनी शेजारी बसून ओळ न् ओळ ताडायची. किती फरक चालेल हे आधीच ठरवायचं. पगाराच्या बाबतीत उत्तर एकच असतं, शून्य. मुदत वाढवायला आपल्या कंपनीतले विक्रीचे लोक कुरकुरतात, त्यांना वाटतं आपण ग्राहकाला बाहेरचं दार दाखवतोय. ते दार करारात होतंच. आपण फक्त त्याला डोळे उघडे ठेवून निर्णय घ्यायची संधी देतो, आणि माझ्या पाहण्यात तरी अशी संधी मिळालेला माणूस सहसा राहतो.

सवलतीचं काय? दहा टक्के सवलत म्हणजे वर्षाचे नव्वद हजार. एचआर प्रमुखांना ती आवडेल, पण हेडक्लार्कचे महिन्याचे दोन दिवस त्यातून परत येत नाहीत. दुखणं तसंच राहतं आणि पुढच्या वर्षी तोच ग्राहक वीस टक्के मागतो, कारण चिडलं की दर उतरतो हे आपणच त्याला शिकवलेलं असतं. भरपाई वेगळी. डिसेंबरला सॉफ्टवेअरनं आपलं काम केलं नाही, म्हणून त्या महिन्याचे ७५ हजार आम्ही आकारत नाही, हे सांगण्यात प्रामाणिकपणा आहे. ते झालेल्या नुकसानाबद्दल असतं, पुढच्या दराला त्याचा धक्का लागत नाही. आणि ते ग्राहकानं मागायच्या आत द्यावं, नूतनीकरणाच्या बोलण्यात मिसळू नये.

या सगळ्यात एक माणूस अजून आलाच नाही, तो म्हणजे कारखान्याचा फायनान्स प्रमुख. त्याच्या टेबलावर दुसऱ्या कंपनीचं नव्वद रुपयांचं कोटेशन आहे. १२५ आणि ९० मधला फरक सहाशे कामगारांना वर्षाला दोन लाख ५२ हजार होतो. त्याला ‘आमची सेवा चांगली’ असं सांगून उपयोग नसतो, या जानेवारीत तर मुळीच नाही. त्याच्याशी बदलाच्या खर्चावर बोलावं, आणि खरं बोलावं. शिल्लक रजा, कर्जाचे हप्ते, जुन्या हजेरीच्या नोंदी हे सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावं लागतं, आणि एक-दोन महिने दोन्हीकडे पगार काढून ताडावा लागतो. दुसऱ्या बाजूनं, पगाराचं सॉफ्टवेअर बदलायला १ एप्रिल हा वर्षातला सर्वांत सोयीचा दिवस असतो, कारण कराचं वर्ष तिथून सुरू होतं आणि फॉर्म १६ साठी दोन ठिकाणची माहिती जोडत बसावं लागत नाही. हे फायनान्स प्रमुखाला माहीत असतं. आपण ते नाकारलं तर बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास जातो.

काही ग्राहक जाऊ द्यावे लागतात. समजा याच कारखान्यानं पुढच्या वर्षीपासून पगार नगावर द्यायचं ठरवलं, किती भाग बनवले त्यावर मजुरी, आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ते नाहीच. इथे मन वळवून घेतलेलं नूतनीकरण म्हणजे आणखी बारा महिन्यांची एस्केलेशन्स. तेव्हा माहिती नीट काढून द्यावी, नव्या कंपनीच्या माणसाच्या शंकांना उत्तरं द्यावी आणि हात मिळवावा. एचआरचे लोक नोकऱ्या बदलतात. नव्या कारखान्यात गेल्यावर त्यांना आठवतं ते आपण निघताना कसे वागलो हे.

तास संपत आला की मी उमेदवाराला विचारते, चाकणचं प्रकरण मिटलं, ७ फेब्रुवारीचा पगार बरोबर झाला, करार एका वर्षासाठी पुढे गेला, आता तुमच्या यादीत काय उरलं? बरेच जण म्हणतात, आभाराचा मेल. काही जण म्हणतात, याच ग्राहकाला आणखी एक मॉड्यूल विकता येईल. एखादाच विचारतो की रात्रपाळी असलेले आपले बाकीचे ग्राहक किती, आणि त्यांच्यापैकी कितींकडे दिवस बदलण्याची वेळ सकाळी आठचीच आहे? मी म्हणते, समजा अकरा. मग तो कागदावर लिहायला लागतो: आजच्या आज अकरा ठिकाणची नोंद काढायची, जिथे आठनंतरचे बाहेर जाण्याचे पंच दिसतात तिथल्या टाइम ऑफिसला आधी फोन, एचआरला नंतर, आणि ज्यांचे तास गेले आहेत त्यांची यादी फोनबरोबरच पाठवायची. अशा उमेदवाराला मी त्याच दिवशी विचारते, रुजू कधी होऊ शकाल?